डोंगलवाला वायरलेस हेडसेट पुन्हा पुन्हा लिंक सोडतो : पेअरिंग कसं करायचं आणि ते परत का तुटतं

मंगळवारी सकाळी पावणेदहाला नाशिकहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, परत गेला हो हेडसेट. दहाला मीटिंग आहे." हेडसेट चालू होत होता, दिवा लुकलुकत होता, डोंगल लॅपटॉपला लावलेला होता, पण कानात काहीच नाही. आधीच्या गुरुवारी मीच फोनवरून एकेक पायरी सांगून पेअरिंग करून दिलं होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यातही तेच. तीन आठवड्यांत ही चौथी वेळ. प्रत्येक वेळी पेअरिंग केलं की हेडसेट लगेच चालायचा आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा बंद पडायचा.

चौथ्यांदाही मी तेच करून दिलं, कारण मीटिंग होती. पण एक गोष्ट तेव्हाच मनात आली : जे दुरुस्त केल्यावर परत परत बिघडतं, तिथे आपण मूळ दोषाला हातच लावलेला नसतो. शनिवारी नाशिकला गेलो आणि नीट शोधून काढलं. ज्यांच्या घरी असा हेडसेट आहे त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी कुठल्या हेडसेटबद्दल बोलतोय ते सांगतो. हा ब्लूटूथ हेडसेट नाही. याच्यासोबत खोक्यात एक छोटा यूएसबी डोंगल येतो आणि हेडसेट फक्त त्या डोंगलशी बोलतो, कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. गेमिंगचे बरेचसे वायरलेस हेडसेट आणि घरून काम करणाऱ्यांचे काही हेडसेट या जातीचे असतात. काही मॉडेलांत दोन्ही सोयी असतात, ब्लूटूथही आणि डोंगलही, आणि तिथे आणखी एक घोटाळा होतो. त्याबद्दल पुढे.

कॉम्प्युटरला काय दिसतं

डोंगल म्हणजे यूएसबी साउंड कार्ड आणि रेडिओ एकाच डबीत बसवलेले. कॉम्प्युटरची ओळख साउंड कार्डापर्यंतच असते. त्याच्या दृष्टीने डोंगल खोचला की हेडफोन लागला. पलीकडे हेडसेट चालू आहे, बंद आहे की कपाटात ठेवलाय, हे बहुतेक मॉडेलांत विंडोजला कळतच नाही. म्हणून लिंक तुटलेली असतानाही साउंड सेटिंगमध्ये हेडसेटचं नाव व्यवस्थित दिसतं आणि माणूस ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यात तासभर घालवतो. दादाने दुसऱ्या वेळी नेमकं हेच केलं होतं.

म्हणून पहिली तपासणी अशी करा. एखादं गाणं लावून ठेवा, विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबा आणि हे टाइप करा :

```
mmsys.cpl
```

साउंडची जुनी खिडकी उघडेल. तिथे प्रत्येक उपकरणाच्या नावापुढे एक उभी पट्टी असते. तुमच्या हेडसेटच्या पट्टीत हिरव्या रेघा वरखाली होत असतील, तर कॉम्प्युटर आवाज डोंगलला देतोय. त्याचं काम झालं. तरीही कानात शांतता असेल, हेडसेटचा आवाज अगदी कमी केलेला नसेल आणि म्यूट लागलेलं नसेल, तर दोष डोंगल आणि हेडसेटच्या मध्ये हवेत आहे. रेघा हलत नसतील तर आवाज दुसऱ्याच उपकरणाकडे जातोय आणि पेअरिंगशी त्याचा काही संबंध नाही.

इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. डोंगल वेगळ्या पोर्टात लावला किंवा त्याच मॉडेलचा दुसरा डोंगल लावला, तर विंडोज त्याला नवं उपकरण समजू शकतं आणि नावाच्या आधी "2-" लावतं. मीटिंगच्या ॲपमध्ये जुनंच नाव निवडलेलं राहतं आणि आवाज कुठेच जात नाही. वहिनींच्या लॅपटॉपवर हे "2-" मला शनिवारी दिसलं. तेव्हा वाटलं, पोर्ट बदलला असेल. प्रत्यक्षात तो पहिला धागा होता.

लिंक तुटणं वेगळं, जोडी विसरणं वेगळं

पेअरिंग करतो तेव्हा डोंगल आणि हेडसेट एकमेकांचा ओळख क्रमांक आपापल्या मेमरीत लिहून ठेवतात. ही मेमरी विजेशिवायही टिकते. हेडसेट महिनाभर चार्ज न करता पडला, कॉम्प्युटर अचानक बंद झाला, वीज गेली, तरी तो क्रमांक पुसला जात नाही. "बॅटरी पूर्ण उतरली म्हणून पेअरिंग गेलं" असं खूप लोक सांगतात, ते मला पटत नाही.

जोडी खरोखर जाण्याचे रस्ते मोजकेच आहेत. एकतर हेडसेट किंवा डोंगल दुसऱ्या कुणाशी जोडला गेला आणि जुन्या क्रमांकाच्या जागी नवा लिहिला गेला. किंवा कुणीतरी हेडसेट रीसेट केला. किंवा फर्मवेअर अपडेट अर्धवट राहिलं, म्हणजे हेडसेटला नवं मिळालं आणि डोंगल जुन्यावरच राहिला. यातलं काहीच घडलं नसेल तर जोडी शाबूत आहे, फक्त लिंक होत नाही आणि कारण दुसरीकडे शोधायला हवं.

मग अशा वेळीही पेअरिंग केल्यावर हेडसेट चालतो कसा? कारण पेअरिंग करताना आपण डोंगल काढून परत लावतो आणि हेडसेट बंद करून चालू करतो. अडकलेला डोंगल एवढ्यानेच शुद्धीवर येतो आणि श्रेय पेअरिंगला मिळतं. म्हणून माझा आग्रह आहे की आधी फक्त एवढंच करा : हेडसेट बंद करा, डोंगल काढा, दहा सेकंद थांबा, डोंगल थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टात लावा, मग हेडसेट चालू करा. एवढ्यावर लिंक आली तर जोडी गेलीच नव्हती.

दिवाही बरंच सांगतो. रंग मॉडेलप्रमाणे बदलतात, पण चाल साधारण सारखी असते. सावकाश लुकलुकणं म्हणजे हेडसेट आपल्या ओळखीच्या डोंगलला शोधतोय. भराभर लुकलुकणं, किंवा दोन रंग आलटून पालटून लागणं, म्हणजे तो पेअरिंगच्या अवस्थेत आहे आणि कुणाशीही जोडी करायला तयार आहे. स्थिर दिवा म्हणजे लिंक झाली. तुमच्या मॉडेलच्या पत्रकात नेमका अर्थ दिलेला असतो, तो एकदा बघून घ्या.

पेअरिंग करताना

हेडसेट किमान अर्धा चार्ज असू द्या आणि चार्जिंगची वायर काढा, कारण वायर लावलेली असताना बरेच हेडसेट या अवस्थेत जातच नाहीत. याला अपवाद आहे : काही कंपन्यांच्या मॉडेलांत पेअरिंग त्यांच्या सॉफ्टवेअरमधून होतं आणि तिथे हेडसेट वायरने त्याच कॉम्प्युटरला जोडावा लागतो. डोंगलवर बटण किंवा भोक काहीच नसेल, तर तुमचं मॉडेल बहुधा त्या जातीचं आहे किंवा डोंगल खोचल्यावर आपोआप पेअरिंगला तयार होणाऱ्या जातीचं.

भोक असेल तर त्यात सिमकार्ड काढायची पिन किंवा सरळ केलेली पेपरक्लिप घाला. आत बटण दबल्याचं बोटाला जाणवतं. जोर लावायचा नाही. डोंगलचा दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा. हेडसेटवरही बारीक भोकं असतात, त्यातलं एखादं मायक्रोफोनचं असतं. त्यात पिन गेली तर माइक कायमचा जाईल, म्हणून पत्रकातल्या चित्राशी ताडून मगच पिन घाला.

मग हेडसेट. तो बंद अवस्थेतून सुरू करायचा. चालू-बंदचं बटण दाबलं की एक-दोन सेकंदांत चालू झाल्याचा आवाज येतो आणि बहुतेक लोक इथेच बोट उचलतात. उचलू नका. बटण तसंच दाबून धरा. आणखी पाच ते दहा सेकंदांनी दिव्याची चाल बदलते, तेव्हा सोडा. वहिनींना पहिल्या वेळी फोनवरून सांगताना आमची वीस मिनिटं यातच गेली होती, कारण आवाज आला की त्या बोट उचलायच्या आणि हेडसेट नुसताच चालू व्हायचा. काही मॉडेलांत यासाठी म्यूटचं बटण किंवा दोन बटणं एकत्र दाबावी लागतात.

दोन्ही दिवे भराभर लुकलुकू लागले की हेडसेट डोंगलजवळ, वीतभर अंतरावर ठेवा आणि थांबा. पेअरिंगची अवस्था थोडाच वेळ टिकते, म्हणून आधी डोंगल आणि लगेच हेडसेट असं करा. मध्ये चहा ठेवायला गेलात तर पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही दिवे स्थिर झाले की झालं.

आता ब्लूटूथचा घोटाळा. हेडसेटला दोन्ही सोयी असतील तर ब्लूटूथचं पेअरिंग आणि डोंगलचं पेअरिंग वेगळं असतं आणि बहुधा बटणंही वेगळी. ब्लूटूथचं बटण दाबून धरलं तर हेडसेट फोनला सापडेल, डोंगलला नाही. तसंच विंडोजच्या ब्लूटूथच्या यादीत डोंगलवाला हेडसेट शोधत बसू नका. तो तिथे येत नाही. कडेला मोड बदलायची सरकपट्टी असेल तर ती डोंगलच्या बाजूला आहे ना, तेही बघा. पिशवीत ठेवता-काढता ती सहज सरकते.

नाशिकला काय निघालं

दादा आणि वहिनी दोघंही घरून काम करतात. दादाला मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसला जावं लागतं. दिवाळीच्या सेलमध्ये दोघांनी एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे दोन हेडसेट घेतले. संध्याकाळी दोन्ही हेडसेट हॉलमधल्या शोकेसवर चार्जिंगला लागतात आणि दोन्ही डोंगल शेजारच्या छोट्या वाटीत पडतात. ती वाटी बघितल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

हेडसेट दोघांना ओळखू येतात. दादाच्या हेडसेटची पट्टी दोन खाचा जास्त ओढलेली असते. डोंगल मात्र हुबेहूब सारखे, आणि सकाळी घाईत जो हाताला लागेल तो उचलला जातो.

आता एक मंगळवार बघा. सोमवारी वहिनींच्या हेडसेटची जोडी डोंगल एकशी आणि दादाच्या हेडसेटची डोंगल दोनशी होती. मंगळवारी दादा आपला हेडसेट आणि चुकून डोंगल एक घेऊन ऑफिसला गेला. तिथे त्याचा हेडसेट डोंगल दोनला शोधत राहिला. आवाज नाही. दादाला पेअरिंग येत होतं, त्याने करून टाकलं. इकडे वहिनींच्या हातात डोंगल दोन. त्यांचा हेडसेट एकला शोधतोय आणि तो तर ऑफिसात. वहिनींनी मला फोन केला, मी पेअरिंग करून दिलं. आता दोन्ही हेडसेट चालू, पण जोड्या उलट्या झालेल्या. बुधवारी वाटीतून पुन्हा डोंगल उचलले. योगायोगाने कालचाच हाताला लागला तर सगळं ठीक, नाहीतर पुन्हा तीच कथा. हे डोंगल एका वेळी एकच हेडसेट लक्षात ठेवतात, आणि हेडसेटही एकच डोंगल. म्हणजे एकाने केलेली दुरुस्ती हाच दुसऱ्याचा बिघाड होता. दोघंही आपापल्या परीने बरोबर वागत होते आणि एकमेकांची जोडी मोडत होते.

मी हे सांगत होतो तेव्हा दादाला आठवलं. "अरे, मागच्या बुधवारी मी हॉलमध्ये हेडसेट घातला तर कानात हिची मीटिंग ऐकू आली. मला वाटलं, दाराआडून येतोय आवाज." दोघं घरी, डोंगल अदलाबदल झालेले, आणि दादाच्या हेडसेटने आपला ओळखीचा डोंगल वहिनींच्या लॅपटॉपमध्ये शोधून काढला होता. भिंतीपलीकडे असला तरी. त्याचा दिवाही स्थिर होता. दिवा स्थिर आणि आपल्या कॉम्प्युटरचा आवाज मात्र नाही, हे लक्षण दिसलं की घरात किंवा ऑफिसात त्याच मॉडेलचा दुसरा डोंगल आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. यात खासगीपणाचाही मुद्दा आहे. वहिनींच्या मीटिंगमध्ये पगाराचे आकडे बोलले जातात, आणि ऑफिसात असे वीस हेडसेट असतील तर कुणाचं बोलणं कुणाच्या कानात जाईल याची काळजी घ्यायलाच हवी.

कुणाची जोडी कुणाशी हे कॉम्प्युटरला विचारून कळत नाही, कारण दोन्ही डोंगल त्याला एकाच नावाचे दिसतात. पण करून बघितलं तर पाच मिनिटांत कळतं. एकच डोंगल लावा, दुसरा लावू नका. एकच हेडसेट चालू करा. दिवा स्थिर होतो का, अर्धा मिनिट बघा. मग तो बंद करून दुसरा हेडसेट. मग डोंगल बदलून पुन्हा दोन्ही. एकूण चार वेळा. नाशिकला आम्ही हे केलं तेव्हा डोंगल एक वहिनींच्या हेडसेटशी जुळला आणि डोंगल दोन कुणाशीच जुळला नाही. दादाचा हेडसेटही कुणालाच ओळखेना, कारण त्याच्या आठवणीतल्या डोंगलने मधल्या काळात वहिनींशी जोडी केली होती.

मग डोंगल दोन आणि दादाच्या हेडसेटचं पेअरिंग केलं. तेव्हा वहिनींचा हेडसेट बंद ठेवला आणि डोंगल एक लॅपटॉपमधून काढून ठेवला. दोन जोड्या एकाच खोलीत करायच्या असतील तर एका वेळी एकच करा, नाहीतर भलताच हेडसेट भलत्याच डोंगलला जाऊन बसतो.

शेवटी वहिनींनी नेलपॉलिश आणलं. त्यांच्या डोंगलच्या टोपणावर आणि हेडसेटच्या आतल्या बाजूला एक ठिपका, दादाच्या दोन्हींवर दोन ठिपके. दिव्यावर, भोकावर किंवा यूएसबीच्या धातूवर रंग जाऊ दिला नाही. चमकी कागदाचं स्टिकर मी टाळायला सांगितलं, कारण धातूचा पातळ थर अँटेनाच्या तोंडावर आला तर सिग्नल कमी होतो. वाटीही एकाच्या दोन झाल्या. त्यानंतर पेअरिंगसाठी फोन आलेला नाही.

तुमच्याकडे हेडसेट एकच असेल तर

मग ही अदलाबदल शक्य नाही आणि वारंवार तुटण्याची कारणं बहुधा दोन असतात.

पहिलं कारण शेजारचा यूएसबी ३ पोर्ट. इंटेलने २०१२ मध्येच मोजून दाखवलं होतं की यूएसबी ३.० च्या उपकरणांमधून आणि पोर्टांमधून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. डोंगलच्या अगदी शेजारी बाहेरची हार्डडिस्क लावलेली असेल तर डोंगल त्या गोंगाटात बहिरा होतो. याची खूण अशी : आधी आवाज तुटक होतो, खरखरतो, मग जातो, आणि डोंगलजवळ गेलं की आपोआप परत येतो. फाइल कॉपी करताना हे वाढतं. जोडी गेलेली असेल तर जवळ जाऊन काहीच फरक पडत नाही. उपाय स्वस्त आहे. मीटरभर यूएसबी २ ची एक्स्टेंशन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर, हेडसेटला दिसेल असा ठेवा. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात, पत्र्याच्या आड लावलेल्या डोंगलला तर याने लगेच फरक पडतो.

दुसरं कारण वीज वाचवणं. लॅपटॉप झोपेतून उठला की डोंगल उठत नाही, त्याचा दिवाच लागत नाही. Device Manager उघडा, Universal Serial Bus controllers खाली USB Root Hub वर दोनदा क्लिक करा, Power Management मध्ये जा आणि Allow the computer to turn off this device to save power यापुढची खूण काढा. हब दोन-तीन दिसले तर सगळ्यांची काढा. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल. डोंगल एखाद्या हबमध्ये लावला असेल तर आधी तो थेट लॅपटॉपला लावून दोन दिवस बघा, कारण काही स्वस्त हब झोपेतून उठताना स्वतःच अडखळतात.

अपडेटनंतर लगेच लिंक गेली असेल तर पेअरिंगच्या मागे लागू नका. कंपनीचं सॉफ्टवेअर उघडा, डोंगल लावा, हेडसेटही वायरने त्याच कॉम्प्युटरला जोडा, आणि दोघांचं अपडेट पूर्ण झालंय का बघा. एक पुढे आणि एक मागे राहिला असेल तर दोघांनाही एकाच आवृत्तीवर आणून मगच पेअरिंग करा.

एवढं करूनही डोंगलचा दिवा लागत नसेल, दुसऱ्या कॉम्प्युटरलाही तो दिसत नसेल, किंवा हलकेच हलवला की विंडोजचा उपकरण निघाल्याचा आवाज येत असेल, तर डोंगल आतून सैल झालाय. लॅपटॉप पिशवीत घालताना तसाच राहिलेला डोंगल असा वाकतो. बाजारातला साधा ब्लूटूथ डोंगल त्याच्या जागी चालणार नाही, आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचाही बहुधा नाही. काही कंपन्या त्याच मॉडेलचा डोंगल सुटा विकतात, काही विकत नाहीत. डोंगलवर छापलेला मॉडेल क्रमांक बघून त्यांच्या सेवा केंद्राला विचारा, आणि नवा मिळाला तर तो पेअरिंग केल्याशिवाय चालणार नाही हे धरूनच चाला.